एकोणतीसला मशीन काय म्हणतं?

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात भलताच गदारोळ उठला होता. ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशा वाचनाची सोय त्या पुस्तकात केली होती. मग काय, घरोघरी विनोद आणि वर्तमानपत्रांत अग्रलेख! त्या वादात ‘एकोणतीस’ची बाजू जरा पडतीच होती. पोराने आधी ‘तीस’ ऐकायचं, मग त्यातला एक मनातल्या मनात काढायचा, आणि लिहायचे मात्र दोन आणि नऊ. एवढी उलटी चाल कशाला, हा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

गंमत अशी की नेमकी हीच उलटी चाल वापरून एका ब्रिटिश माणसाने १९५० च्या सुमारास मशीनला ऋण संख्यांचा गुणाकार शिकवला. तिला म्हणतात बूथची रीत. अभियांत्रिकीच्या पोरांना ती पेपरात हमखास भेटते. शून्य-एकचे तक्ते भरून मार्क पदरात पडतात, पण आपण नक्की काय केलं, हे पुष्कळांना कळत नाही. म्हणून हा तक्ता सावकाश भरू.

चार बेरजा की एक बेरीज, एक वजाबाकी?

तीस ही संख्या बायनरीत ११११० अशी लिहितात. डावीकडून घरांच्या किमती १६, ८, ४, २, १. म्हणजे तीसने गुणायचं तर सोळापट, आठपट, चौपट आणि दुप्पट अशा चार रकमा मिळवाव्या लागतात. पण तीस म्हणजे दोन कमी बत्तीस. मग बत्तीसपट घ्या, त्यातून दुप्पट वजा करा. चार बेरजांचं काम दोन क्रियांत झालं.

हे तीसचं नशीब नव्हे. बायनरीत एकांची सलग रांग कितीही लांब असली तरी तिचा हिशोब दोनच टोकांवर मिटतो. रांग जिथे सुरू होते (उजवीकडून) तिथे एकदा वजा, आणि रांग संपल्यावर पुढच्या घरात एकदा अधिक. मधले सगळे एक म्हणजे नुसती गर्दी. ‘एकोण’ म्हणजे ‘एक ऊन’, एक कमी. आपल्या जिभेवर ही युक्ती एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत बसलेली आहे. नव्व्याण्णवला मात्र मराठीने ऐन वेळी कच खाल्ली. ‘एकोणशंभर’ म्हणायला काय हरकत होती?

(युरोपातही हे खूळ जुनं आहे. जॉन कोल्सन नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७२६ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अंकांना ऋण चिन्ह लावून आकडेमोड करायची पद्धत मांडली होती. त्याच्या हिशोबात २९ म्हणजे तीन दहा आणि ऋण एक.)

वजा चिन्ह नसलेली ऋण संख्या

मशीनपाशी शून्य आणि एक सोडून काही नसतं, उणे चिन्हसुद्धा नाही. मग −५ लिहायचे कसे? त्यासाठी टूज कॉम्प्लिमेंट नावाची सोय आहे. चार बिटांच्या संख्येत घरांच्या किमती ८, ४, २, १ असतात. त्यातल्या सर्वांत डावीकडच्या घराची किंमत उणे ८ मानायची, बाकीची तशीच ठेवायची. मग १०११ म्हणजे −८ + २ + १, म्हणजेच −५. एखाद्या संख्येचा उलट्या चिन्हाचा भाऊ हवा असेल तर सगळे बिट उलटे करायचे आणि एक मिळवायचा. १०११ चे झाले ०१००, अधिक एक, ०१०१. हे पाच.

बेरीज-वजाबाकीला ही सोय झकास चालते. घोडं अडतं गुणाकाराला. −५ ला ६ ने गुणताना मशीनने शाळेतल्यासारखा सरळ गुणाकार केला तर त्याला १०११ हे अकरा वाटतात आणि उत्तर ६६ येतं. यावर जुना उपाय असा की चिन्ह बाजूला काढून ठेवा, धन संख्यांचा गुणाकार करा, शेवटी चिन्ह चिकटवा. किंवा आहे तसा गुणाकार करा आणि गुणक ऋण निघाला तर मागाहून उत्तरात दुरुस्ती करा. दोन्हींत संख्येची जात विचारावी लागते.

स्फटिकांच्या प्रयोगशाळेतला हिशोबनीस

अँड्र्यू डोनाल्ड बूथ (१९१८–२००९) हा मूळचा संगणकवाला नव्हे. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल यांच्या गटात तो क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना शोधत होता. त्या कामात आकडेमोड इतकी, की माणसं टेबलावरच्या कॅल्क्युलेटरची मूठ फिरवून थकायची. म्हणून त्याने स्वतःच यंत्रं बांधायला घेतली. सोबत होती कॅथलीन ब्रिटन. १९४७ मध्ये दोघं अमेरिकेत प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमनकडे जाऊन आले, १९५० मध्ये त्यांनी लग्न केलं. या यंत्रांसाठी कॅथलीनने जी सांकेतिक भाषा रचली, तिच्यामुळे असेम्ब्ली भाषेच्या जन्मकथेत तिचं नाव येतं. ती २०२२ मध्ये गेली, वयाची शंभरी ओलांडून.

बूथचा लेख १९५१ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेकॅनिक्स अँड अप्लाइड मॅथेमॅटिक्स’मध्ये आला. अवघी पाच पानं. आज पुस्तकांत या रीतीचं कौतुक ‘बेरजा वाचतात’ म्हणून केलेलं असतं. लेखातला मुख्य दावा मात्र वेगळा आहे: दोन्ही संख्यांचं चिन्ह काय आहे हे आधी ठाऊक नसलं तरी एकच ठरलेली प्रक्रिया चालते. माझ्या मते खरी कमाई हीच. बेरजा कधी वाचतात, कधी वाचत नाहीत, ते पुढे दिसेलच.

नियम: शेजाऱ्याकडे बघा

गुणकाच्या उजव्या टोकाला एक जादा बिट लावायचा, सुरुवातीला शून्य. त्याला आपण शेपूट म्हणू. आता दर वेळी गुणकाचा शेवटचा बिट आणि शेपूट अशी जोडी बघायची.

जोडी १० असेल तर एकांची रांग आत्ता सुरू झाली: गुण्य वजा करा. जोडी ०१ असेल तर रांग नुकतीच संपली: गुण्य मिळवा. ०० म्हणजे रांग नाहीच, ११ म्हणजे आपण रांगेच्या पोटात आहोत. दोन्ही वेळा हात लावायचा नाही. काही केलं वा न केलं, त्यानंतर सगळं एक घर उजवीकडे सरकवायचं. जितके बिट, तितके फेरे.

सरकवायचं का? कागदावर गुणाकार करताना आपण प्रत्येक खालची ओळ एक घर डावीकडे लिहितो. मशीनला लांबच लांब ओळी मांडायला जागा नसते. म्हणून ते ओळ जागेवर ठेवतं आणि आतापर्यंतची बेरीजच उजवीकडे ढकलतं. परिणाम तोच.

पाच सक तीस, पण उणे

आता −५ × ६ करू. गुण्य −५, म्हणजे १०११. वजा करायची वेळ आली की त्याचा भाऊ ०१०१ मिळवायचा. गुणक ६, म्हणजे ०११०. दोन रजिस्टर शेजारी शेजारी मांडू: डावीकडे ‘ए’, त्यात बेरीज साठेल, आणि उजवीकडे ‘क्यू’, त्यात गुणक बसेल. त्याच्यामागे शेपूट.

```
                    ए     क्यू   शेपूट
सुरुवात            ००००   ०११०   ०
१ली फेरी: ००
   सरकवा           ००००   ००११   ०
२री फेरी: १०
   वजा करा         ०१०१   ००११   ०
   सरकवा           ००१०   १००१   १
३री फेरी: ११
   सरकवा           ०००१   ०१००   १
४थी फेरी: ०१
   मिळवा           ११००   ०१००   १
   सरकवा           १११०   ००१०   ०
```

पहिल्या फेरीत क्यूचा शेवटचा बिट ० आणि शेपूटही ०. काम नाही, सरकून मोकळे. दुसऱ्या फेरीत क्यूच्या टोकाला १ आला, मागे शेपटात ०. रांग सुरू! ए मधून −५ वजा करायचे, म्हणजे ५ मिळवायचे. ए झालं ०१०१. मग तिन्ही तुकडे एकच लांब पट्टी समजून सरकवले: ए चा शेवटचा १ क्यूच्या डोक्यावर गेला, क्यूचा शेवटचा १ शेपटात गेला, शेपटातला जुना शून्य बाहेर पडला.

तिसऱ्या फेरीत जोडी ११, रांगेच्या पोटात आहोत, नुसतं सरकायचं. चौथ्या फेरीत टोकाला ०, शेपटात १. रांग संपली. आता गुण्य मिळवायचा: ०००१ अधिक १०११ म्हणजे ११००. शेवटचं सरकणं, आणि ए-क्यू एकत्र वाचले की १११०००१०. आठ घरांच्या किमती लावून बघा: −१२८ + ६४ + ३२ + २. बरोबर −३०.

दोन गोष्टी इथे थांबून बघण्यासारख्या आहेत. क्यू हे रजिस्टर पागडीच्या चाळीसारखं वागतं. गुणकाचा एकेक बिट काम संपवून उजव्या दाराने बाहेर जातो आणि त्याच क्षणी डावीकडून उत्तराचा बिट राहायला येतो. शेवटी गुणकाचा एकही बिट उरत नाही, सगळी खोली उत्तराची. वेगळं रजिस्टर लागलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मशीनने सहाला काय म्हटलं? दुसऱ्या फेरीतलं घर दोनचं, तिथे वजा. चौथ्या फेरीतलं घर आठचं, तिथे अधिक. म्हणजे सहाला ते ‘दोन कमी आठ’ म्हणालं. −५ ची आठपट −४०, त्यातून −५ ची दुप्पट, म्हणजे −१०, वजा केली. −४० अधिक १० म्हणजे −३०. तक्ता पाठ करण्यापेक्षा हे एकदा करून बघा. तक्त्यातली चूक लगेच सापडते.

जागा बदला, मजा बघा

आता ६ × −५. उत्तर तेच यायला हवं. पण या खेपेला ऋण संख्या गुणकाच्या खुर्चीत आहे. जुन्या रीतींना दुरुस्ती लागायची ती इथेच. गुण्य ०११०, त्याचा भाऊ १०१०, गुणक १०११.

```
                    ए     क्यू   शेपूट
सुरुवात            ००००   १०११   ०
१ली, १०: वजा       १०१०   १०११   ०
   सरकवा           ११०१   ०१०१   १
२री, ११: सरकवा     १११०   १०१०   १
३री, ०१: मिळवा     ०१००   १०१०   १
   सरकवा           ००१०   ०१०१   ०
४थी, १०: वजा       ११००   ०१०१   ०
   सरकवा           १११०   ००१०   १
```

पुन्हा १११०००१०. कुठेही चिन्ह विचारलं नाही, मागाहून दुरुस्ती केली नाही. (तिसऱ्या फेरीत १११० आणि ०११० मिळवताना चार घरांबाहेर एक हातचा येतो, तो सोडून द्यायचा.)

हे जमलं कसं? एकांची रांग सुरू झाल्यावर आपण वजा करतो आणि ती संपली की अधिक करतो. पण ऋण संख्येच्या डाव्या टोकाला जो एक असतो, त्याची रांग संपायच्या आतच बिट संपतात. वजा झालेलं असतं, अधिक करायची फेरीच येत नाही. इथे शेवटी आठच्या घरात वजा झालं आणि प्रकरण तिथेच थांबलं. डाव्या घराची किंमत उणे आठ असते, हे आपण ठरवलंच होतं. म्हणजे जे दुरुस्ती करून मिळवायचं, ते अर्धवट सुटलेल्या रांगेने फुकटात दिलं. मला या रीतीत सर्वांत आवडतो तो हा न झालेला व्यवहार. उणे पाचला मशीन काय म्हणालं? −८ + ४ − १.

आणि मेहनत? पहिल्या मांडणीत एक वजा, एक अधिक. दुसरीत तीन क्रिया. गुणाकार तोच, पण कोणाला गुणक करायचं यावर काम बदललं.

उत्तर ९८ आलं, तर

पेपरात आणि प्रयोगशाळेत एक चूक फार बघायला मिळते. सरकवताना डावीकडे रिकाम्या झालेल्या घरात डोळे मिटून शून्य भरलं जातं. बूथच्या रीतीत तिथे जुना चिन्हबिटच पुन्हा लिहायचा असतो. एक असेल तर एक, शून्य असेल तर शून्य. पहिल्या तक्त्याच्या शेवटच्या सरकवण्यात ही चूक केली तर १११०००१० ऐवजी ०११०००१० मिळतं, म्हणजे ९८. खरं उत्तर −३०. दोहोंत फरक बरोबर १२८. उत्तर १२८ ने चुकलं की समजायचं, शेवटच्या सरकवण्यात चिन्हबिट हरवला. त्याआधी हरवला असेल तर फरक दुसरा पडतो.

दुसरी चूक जरा लबाड आहे, कारण तिथे तुम्ही नियम तंतोतंत पाळलेले असतात. चार बिटांत −८ लिहिता येतात, १०००. पण +८ लिहिता येत नाहीत, धन बाजूला सातलाच भिंत. मग −८ चा उलटा भाऊ काढा: बिट उलटे केले ०१११, अधिक एक, १०००. तो स्वतःच! आता −८ गुण्य आणि १ गुणक घेऊन चार फेऱ्या करा. पहिल्याच फेरीत −८ वजा करताना ए मध्ये +८ यायला हवे होते, येतात −८. तक्ता शेवटपर्यंत नीट भरलात तर ००००१००० मिळतं. उणे आठ गुणिले एक, उत्तर अधिक आठ.

उपाय स्वस्त आहे. ए ला एक बिट जास्त द्या. पाच घरांत +८ आरामात मावतात आणि उत्तर ११११ १००० असं, म्हणजे −८, नीट येतं. प्रोग्रॅम लिहून तपासणार असाल तर सगळ्या जोड्यांआधी सर्वांत लहान ऋण संख्या गुण्य म्हणून टाकून बघा.

बूथचा शत्रू: ०१०१

बेरजा वाचतात हे अर्धसत्य आहे, असं मघाशी सुचवलं. पाच घ्या, ०१०१. सरळ रीतीने दोनच बेरजा: चौपट आणि एकपट. बूथच्या रीतीने बघितलं तर उजवीकडून जोड्या येतात १०, ०१, १०, ०१. वजा, अधिक, वजा, अधिक. चारही फेऱ्यांत काम! मशीनने पाचला ‘८ − ४ + २ − १’ म्हटलं. एकोणतीसची युक्ती एकट्या-दुकट्या एकावर लावली की अशी फजिती होते. कोणी ‘दहा’ला ‘एकोण-अकरा’ म्हणावं तसं.

यावर तोड १९६१ मध्ये ओ. एल. मॅक्सॉर्ली याच्या लेखाने रूढ केली. एकेक बिट पुढे जाण्याऐवजी दोन-दोन बिट पुढे जायचं, आणि प्रत्येक वेळी शेजारचा एक धरून तीन बिट बघायचे. मग गुण्याची शून्यपट, एकपट किंवा दुप्पट, अधिक किंवा उणे, एवढेच पर्याय उरतात. दुप्पट करायला मशीनला नुसतं एक घर सरकावं लागतं, त्यामुळे महागडी तिप्पट कधी काढावीच लागत नाही. पाचचं रूपांतर होतं ४ + १. सहाचं ८ − २. उणे पाचचं −४ − १. चार फेऱ्यांच्या जागी प्रत्येकाला दोन. ६४ बिटांच्या गुणाकारात ६४ ओळींऐवजी ३२ ओळी, आणि ही निम्मी कपात गुणकाच्या स्वभावावर अवलंबून नाही. हार्डवेअरवाल्यांना हे फार सोयीचं, कारण क्रिया कधी दोन, कधी चार असं असलं की वायरिंग आखणं अवघड जातं.

खिशातलं गेमयंत्र

२००१ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’मध्ये एआरएम-७-टीडीएमआय हा प्रोसेसर होता. ३२ बिटांचा गुणाकार तो एका दमात करत नाही. हीच दोन-दोन बिटांची सुधारित बूथ रीत वापरून प्रत्येक चक्रात गुणकाचे आठ बिट संपवतो, म्हणजे जास्तीत जास्त चार चक्रं. पण त्यात एक पळवाट आहे. उरलेले सगळे वरचे बिट एकसारखे असतील, सगळे शून्य किंवा सगळे एक, तर तो तिथेच थांबतो. कारण तुम्ही आता ओळखलंच असेल: सगळीकडे जोडी ०० किंवा ११, म्हणजे काम नाहीच.

म्हणून गुणक ६ असेल तर गुणाकाराचं एक चक्र. उणे ५ असेल, त्याच्या वरच्या २४ बिटांत नुसते एक भरलेले असतील, तरी एकच चक्र. दहा लाख असतील तर तीन. गेम लिहिणारे जाणते प्रोग्रॅमर दोन संख्यांतली लहान कोणती ते बघून तिलाच गुणकाच्या जागी ठेवायचे, आपण −५ आणि ६ ची खुर्ची बदलून बघितली तसंच.

हीच पळवाट सांकेतिक लेखनवाल्यांच्या मात्र डोळ्यांत खुपते. गुप्त किल्लीचे तुकडे गुणताना किती वेळ लागला हे बाहेरून मोजता आलं, तर तुकडा लहान होता की मोठा याचा सुगावा लागतो. म्हणून अशा प्रोसेसरवर गुप्त संख्या हाताळणारा प्रोग्रॅम लिहिताना गुणाकाराला प्रत्येक वेळी मुद्दाम सारखाच वेळ लागेल अशी व्यवस्था करावी लागते. संख्या सहा असो की दहा लाख, घड्याळात चारच चक्रं दिसली पाहिजेत.